शिवणीतली सावली

मुकादमाची पहिली थप्पड इस्त्रीवालीच्या भावाला बसली ती दारातच. बिचाऱ्यानं ‘या, बसा’ म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. दुसरी बसली तेव्हा तो कॅमेऱ्याच्या स्टँडवर आदळला, स्टँड दिव्यावर पडला, दिवा फुटला आणि काचा उडत थेट इस्त्रीवालीच्या पायांपर्यंत आल्या.

तिला इस्त्रीवाली म्हणत ते कपड्यांमुळे नव्हे. तिचे स्वतःचे कपडे कायम चुरगळलेलेच असत. ती पानांना इस्त्री करायची. जुन्या वह्या, हस्तलिखितं, वाळवीनं चाळणी केलेली पुस्तकं घेऊन लोक जिना चढून तिच्या दोन खोल्यांत येत. धाकटा भाऊ पुस्तक उघडून फोटो काढायचा. फोटोत पान कधी सरळ येत नाही. पुस्तक उघडलं की पान मधल्या शिवणीकडं घसरगुंडीसारखं वाकतं, ओळी वाकतात आणि शिवणीत सावली साचते. ती सावली काढायची, वाकलेल्या ओळी ताठ करायच्या, पिवळ्या पानाचं पांढरं करायचं, हे काम बहिणीचं. तिच्या हातून निघालेलं पान इतकं कोरं करकरीत असे, की खुद्द लिहिणारा जिवंत होऊन आला असता तर ‘हे माझं नाही’ म्हणाला असता. या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता.

“भाऊजी!” ती ओरडली. “वेड लागलंय का तुम्हाला? काय केलंय त्यानं?”

मुकादम खाणीवरचा. तिचा नवरा त्याच खाणीत ड्रिल चालवायचा, आणि गेली कित्येक वर्षं हा माणूस तिला ‘वहिनी, चहा टाका’ म्हणत घरात शिरत आला होता. आज त्याच्या शर्टाला छातीपासून पोटापर्यंत रक्त होतं आणि ते त्याचं नव्हतं. एका हातात दोन किलोचा घण, दुसऱ्यात तिच्याच प्रिंटरमधून निघालेला कागद.

“धाकटा भाऊ गेला माझा,” तो म्हणाला. “सकाळी. ड्रिल लावलं आणि बार उडाला. अर्धा गोळा केला, अर्धा अजून भिंतीवर आहे.”

त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

“आणि तुझा नवरा कड्याखाली आहे. कडा सुटला तो त्याच्या पायांवर बसला. जिवंत आहे. मी निघालो तेव्हा तरी होता.”

 इस्त्रीवाली खुर्चीतून उठायला लागली.

मुकादमानं कागद तिच्या तोंडासमोर आपटला. खाणीच्या जुन्या टोकाला पुन्हा काम सुरू करायचं ठरलं होतं. त्या टोकाला पूर्वी एक म्हातारा सुरुंगवाला काम करायचा. मोठा शिस्तीचा माणूस. कड्यात जिथं जिथं भोक पाडून दारू भरली, तिथं तिथं तो, कड्यात ठोकलेल्या लोखंडी खुंटीपासून मापून, त्याच प्रमाणात आपल्या जाड वहीत गोल उठवायचा, आणि तो गोल हातानं नाही काढायचा. सुरुंग पेटवणाऱ्या टोपीची रिकामी तांब्याची नळी शाईत बुडवायची आणि पानावर ठसा मारायचा. बार उडाला तर गोल पोकळ ठेवायचा. बार फुसका गेला, दारू आतच राहिली, तर गोल शाईनं भरून काळा करायचा. तशी दारू खडकात वर्षानुवर्षं घाम गाळत पडून राहते आणि ड्रिलचं टोक लागायची वाट बघते. म्हणून खाणीवाल्यांनी वही इथं आणली होती. वही उघडताना पानं तुटत होती, ती खडकावर घेऊन कोण फिरणार? स्वच्छ प्रती काढून द्या, म्हणाले. तिनं दिल्या होत्या. स्वच्छ.

“या रांगेत काळा गोल दाखव मला,” मुकादम म्हणाला. “दाखव! माझ्या भावानं हा कागद हातात धरला, खुंटीपासून टेपनं मापलं, म्हणाला, दादा, इथं काही नाही, पुढं सगळं कोरं आहे. आणि ड्रिल लावलं.”

तिनं बघितलं. लोखंडी खुंटीपासून सुरू झालेली रांग, पोकळ गोल, पोकळ गोल, आणि पानाच्या आतल्या कडेला शुभ्र पांढरा समास.

“वही कुठाय?” भावानं जमिनीवरूनच विचारलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

मुकादमानं पिशवीतून एक गोळा काढून टेबलावर टाकला. वहीच होती ती. मुकादमाच्या धाकट्यानं ती सकाळी शर्टाच्या आत खोचली होती, कागदावर विश्वास होता तरी म्हाताऱ्याचं अक्षर जवळ असावं म्हणून. आता तिची पानं रक्तात भिजून एकमेकांना चिकटली होती आणि मधोमध दगडाचा एक चपटा तुकडा रुतला होता. इस्त्रीवालीनं एक कोपरा नखानं उचलून बघितला. तो लगद्यासारखा हातात आला.

मुकादमाचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी ओरडत होतं, इतकं की खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं.

“मुकादम, याला लय रक्त जातंय! कडा वरून चिकटूनच आहे, मूळ सुटल्याशिवाय हलणार नाही. मुळात भोकं पाडून पाचरी ठोकतो. खुंटीपासून साडेपाच मीटरवर ड्रिल लावतोय.”

“लाव,” मुकादम म्हणाला.

“थांबा!” इस्त्रीवाली किंचाळली. “लावू नका! तिथंही असेल!”

“कशावरून?”

  तो पांढरा समास बघितल्याबरोबर तिला कळून चुकलं होतं. शिवणीजवळची सावली नेहमी गडद असते. बाकीच्या पानावर आजूबाजूचा कागद किती उजळ आहे ते मोजून फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला त्या आकड्यानं भागलं, की सावली उडते आणि शाई राहते. पण शिवणीच्या पोटात उजेडच इतका कमी, की तिथं भागाकार केला की वाळू उसळल्यासारखे दाणे उसळतात आणि पान घाण दिसतं. घाण तिला खपत नसे. शिवणीत लिहितंय कोण? तिथं फक्त दोरा असतो. म्हणून ती दरवेळी एक जाड पांढरा ब्रश घ्यायची आणि वरपासून खालपर्यंत एकच हात मारायची. भाऊ म्हणायचा, ताई, बघून तरी मार. ती म्हणायची, तू फोटो काढ.

“मूळ फोटो बघावा लागेल,” ती म्हणाली. “सावली होती तो.”

“आहे का?”

 काम झालं की मूळ फोटो पुसायचे, डिस्कवर जागा करायची, हा तिचाच नियम होता. त्यावरून ती भावाला उठता बसता घालूनपाडून बोलायची. भंगारवाला म्हणायची.

“आहे,” भाऊ म्हणाला. तो हातांवर रांगत कपाटाकडं गेला, जुन्या मोज्यात गुंडाळलेली एक डिस्क काढली आणि तिच्यासमोर धरली. “शिव्या नंतर दे, ताई.”

तिनं डिस्क कॉम्प्युटरला लावली. मुकादम फोनवर म्हणाला, “थांबा जरा. माझ्या शब्दाशिवाय ड्रिल लावू नका.” मग घण टेबलावर ठेवून तो तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. त्याच्या शर्टाचा वास तिच्या डोक्यावरून येत होता. ओल्या लोखंडाचा वास.

पान उघडलं. केवढं कुरूप पान ते! पिवळं, डागाळलेलं, डावीकडून दिव्याचा भगभगीत उजेड आणि उजवीकडं उतरत जाणारा काळोख. पानावरच्या छापील आडव्या रेघा अर्ध्यापर्यंत सरळ जात आणि मग शिवणीकडं वाकून बुडत. या वेळी तिनं ब्रशला हात लावला नाही. शिवणीचा तेवढाच पट्टा वेगळा घेतला. कागदाचा उजेड मोजायचं वर्तुळ ठशापेक्षा दुप्पट मोठं धरलं. लहान धरलं असतं तर काळा गोलच कागदाचा रंग समजून गणित फसलं असतं आणि गोल फिका पडला असता. मग भागाकार दिला.

दाणे उसळले. सगळा पट्टा रेतीनं भरला. आणि त्या रेतीत, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, दोन काळे डाग उभे राहिले.

“हे काय?” मुकादमानं बोट टेकवलं. पडद्यावर रक्ताचा ठसा उमटला.

“फुसके,” भाऊ म्हणाला. “दोन. म्हाताऱ्याला पानावर जागा पुरली नाही, तो शिवणीत शिरला.”

 बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मग मुकादमानं अगदी हळू विचारलं, “म्हणजे लिहिलेलं होतं?”

“होतं.”

“मग कागदावर का नाही?”

इस्त्रीवालीनं तोंड उघडलं. खाणीवर याचा शब्द चालतो, हे तिला माहीत होतं. हा म्हणाला ड्रिल लावा तर ड्रिल लागणार, हा म्हणाला राहू दे त्याला तिथंच, तर नवरा तिथंच राहणार. ती क्षणभर थांबली. तो क्षण भावानं उचलला.

“मी पुसलं,” तो म्हणाला. “मला वाटलं, घाण आहे.”

मुकादमानं त्याचं मनगट धरलं, हात टेबलावर आडवा केला आणि घण हाणला.

असा आवाज इस्त्रीवालीनं कधी ऐकला नव्हता. भाऊ ओरडला नाही, त्याच्या घशातून नुसती हवा बाहेर आली. दुसऱ्या घावाला मात्र तो ओरडला, आणि खालच्या दुकानातलं बोलणं एकदम थांबलं. टेबल हादरलं, पडद्यावरचं पान हादरलं. तिनं माऊस सोडला नाही. कुणाला हे राक्षसी वाटेल, तर वाटो. तिचा जीव तुटत होता, पण त्या दोन डागांचं खरं माप काढणारं दुसरं कुणी त्या घरात नव्हतं, आणि ज्याला निदान मदत करता आली असती त्याची बोटं आत्ताच फुटली होती. ती रडत रडत रेघा ताठ करत होती.

“बस करा!” ती मागं न बघता ओरडली. “बस करा, भाऊजी! त्याला मारा नंतर! आत्ता मला सांगा, सकाळचं भोक खुंटीपासून किती लांब होतं?”

घण थांबला. “का?”

“सांगा!”

“चार ऐंशी. मी स्वतः टेप धरला होता.”

तिनं वाकलेल्या रेघेवर ठिपके ठेवत ठेवत प्रत्येक रेघ आडवी ओढली. पान सपाट दिसू लागलं. पानाच्या डोक्यावर म्हाताऱ्यानं एक लहान रेघ ओढून शेजारी लिहिलं होतं, ‘एवढं म्हणजे एक मीटर’. ती रेघ तिनं उचलली आणि खुंटीपासून मापत गेली. पहिला काळा गोल आला साडेचारवर. दुसरा पाचच्याही अलीकडं.

फोन अजून चालूच होता. पलीकडचा माणूस ओरडला, “मुकादम, हा बोलायचा थांबलाय! डोळे उघडे आहेत, पण बोलत नाही! लावू का नको?”

“दुसरा कुठं?” मुकादमानं फोन उचलत तिला विचारलं.

“पाचच्या अलीकडं.”

“मग साडेपाच मोकळं आहे. लाव रे…”

“नाही!” ती उठली, फिरली आणि तिनं त्याच्या हातातला फोन दोन्ही हातांनी धरला. त्यानं झटका दिला तशी ती कपाटावर जाऊन आपटली, ओठ फाटला. पण फोन तिनं सोडला नव्हता. “माप खोटं आहे! पहिला गोल साडेचारवर येतोय, आणि तुमचा भाऊ चार ऐंशीवर गेला! तिथंच गेला ना? मग गोल तिथंच यायला हवा! माझं पान चुकतंय!”

मुकादमाचा हात वर गेला होता तो वरच राहिला.

“रेघा सरळ केल्या म्हणजे पान सपाट झालं असं नाही,” ती धापा टाकत म्हणाली. “उतारावरचं पान वरून बघितलं की आखूड दिसतं. जिन्याच्या पायऱ्या वरून बघितल्यावर जिना लहान दिसतो ना, तसं. ते ताणायचं राहिलंय. दोन मिनिटं द्या मला. दोनच.”

मुकादमानं तिच्या हातातून फोन घेऊन तोंडाशी नेला. “हात नका लावू,” तो म्हणाला. “त्याच्या तोंडात पाणी घाला. शिव्या घाला. जागा ठेवा त्याला.”

ती खुर्चीत पडली. किती ताणायचं? बाकी पुस्तकांत ती असलं काही बघतच नसे. अक्षरं शिवणीपाशी थोडी चेपलेली राहिली तर वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. इथं बिघडत होतं. ती पडद्याकडं नुसती बघत राहिली, हनुवटीवरून रक्त की-बोर्डवर टपकत राहिलं.

“ताई,” भाऊ जमिनीवरून म्हणाला. फुटलेला हात त्यानं काखेत दाबून धरला होता, चेहरा कागदासारखा झाला होता. “गोल बघ. गोल.”

खुंटीजवळचे गोल गोल होते. पानाच्या मध्यावरचेही गोलच. पण शिवणीकडं जाताना ते अंडाकृती होत गेले होते, आणि शेवटचे दोन तर तांदळाच्या दाण्यासारखे उभट झाले होते. म्हाताऱ्यानं सगळे ठसे एकाच नळीनं मारले होते. त्याच्या वहीत एकही गोल दुसऱ्यापेक्षा अरुंद असूच शकत नव्हता.

मग तिला काही विचार करावा लागला नाही. तिनं पानाचे उभे पट्टे पाडले. ज्या पट्ट्यात जो गोल, तो गोल खुंटीजवळच्या गोलाइतका रुंद होईपर्यंत पट्टा आडवा ताणला. मधल्या पट्ट्यांना दोन्ही शेजाऱ्यांच्या मधलं माप दिलं. पान इंचाइंचानं रुंद होत गेलं. तांदळाचे दाणे फुगत गेले, अंडी झाली, शेवटी गोल झाले. तिनं मीटरची रेघ पुन्हा खुंटीवर ठेवली आणि मापत निघाली. मुकादम तिच्या खांद्यावरून वाकला होता, त्याचा श्वास तिच्या कानात वाजत होता.

पहिला काळा गोल चार ऐंशीवर बसला.

मुकादमाच्या तोंडून एक आवाज निघाला. जनावर काढतं तसा. जिथं त्याचा भाऊ फुटला होता, ती जागा एका म्हाताऱ्यानं तांब्याच्या नळीनं त्या पानावर कधीच नोंदवून ठेवली होती, आणि आता ती त्याच्यासमोर चकचकीत पडद्यावर होती.

“दुसरा?” तो म्हणाला.

“साडेपाच.” तिनं पुन्हा मापलं. “बरोबर साडेपाच.”

फोनवरचा माणूस ऐकत होता. तो म्हणाला, “आयला!” ड्रिलचं टोक त्यांनी साडेपाचच्या खुणेवर आधीच टेकवून ठेवलं होतं, नुसतं बटण दाबायचं बाकी होतं.

“मग कुठं लावू?” मुकादमानं विचारलं. आता तो तिला विचारत होता. “पुढं आणखी गोल असला तर?”

तिनं शिवणीच्या अगदी तळाशी पडदा नेला. रेतीतून एक तिरका, पिवळट धागा दिसत होता. “हा दोरा. दोरा दिसतोय म्हणजे पान इथं संपलं, लपलेलं काही उरलं नाही. समोरच्या पानावर दुसरीच रांग आहे, ही साडेपाचला संपते. त्याच्या पलीकडून पाडा. साडेसहाला.”

“खात्री?”

“माझा नवरा आहे तिथं,” ती म्हणाली.

मुकादमानं आकडा सांगितला. पलीकडं ड्रिल सुरू झालं. फोन टेबलावर, त्या रक्ताळलेल्या वहीशेजारी ठेवला होता, आणि त्यातून तो खरखराट खोलीभर पसरत होता. तिघंही एकमेकांकडं न बघता ऐकत राहिले. भावाच्या बोटांतून रक्त फरशीवर येत होतं, तिनं आपली ओढणी त्याच्या हाताला गुंडाळली. गाठ मारताना तो कळवळला. “वेडा आहेस तू,” ती त्याच्या कानात म्हणाली. “मूर्ख.” तो हसायला गेला आणि त्याला घेरी आली.

ड्रिल थांबलं. पाचरींवर घण पडू लागले. एकदा मोठ्यानं काहीतरी तडकलं आणि इस्त्रीवालीनं दोन्ही कान झाकून घेतले. मग फोनमधून एक किंकाळी आली, लांबच लांब, आईबहिणीवरून शिव्या घालत येणारी. तिच्या लग्नात तिला सांगितलं होतं, मुलगा फार शांत आहे. त्या शिव्या ऐकून तिला एवढं रडू आलं, की ती फरशीवर काचांमध्येच बसली.

“निघाला!” पलीकडचा ओरडला. “एक पाय गेल्यात जमा आहे, पण निघाला!”

मुकादमानं फोन बंद केला. तो जायला वळला. जाता जाता त्यानं वही उचलली, शर्टाला पुसली, जणू त्यानं ती साफ होणार होती. वाटेत तो तिच्या भावाजवळ थांबला आणि त्याच्याकडं खाली बघत राहिला. हातातला घण त्यानं नीट पकडला.

“पोलिसांत तुझंच नाव देणार मी,” तो म्हणाला. “आणि सुटून आलास की माझ्याकडं यायचंय तुला. दुसरा हात शिल्लक आहे.”

आता बोलायची गरज नव्हती. नवरा वाचला होता. भाऊ गप्प राहा, गप्प राहा अशी मान हलवत होता. पोलिसांनी त्याला नेलं असतं, ती घरी राहिली असती, लंगड्या नवऱ्याचं केलं असतं. सगळं जमत होतं. पण त्याची फुटलेली बोटं तिच्या ओढणीत होती आणि ओढणी लाल होत चालली होती.

“त्यानं नाही पुसलं,” ती म्हणाली.

मुकादम वळला.

“त्यानं तर ठेवलं. मी पुसायला सांगितलेलं असताना ठेवलं. शिवणीवर पांढरा हात मी मारला. न बघता. दरवेळी मीच मारते. पान छान दिसावं म्हणून.” ती उठून टेबलापाशी गेली आणि आपला उजवा हात पालथा करून तिथं ठेवला, जिथं भावाचं रक्त अजून ओलं होतं. “तुमचा भाऊ माझ्यामुळं गेला, भाऊजी.”

“ताई, नको!” भाऊ ओरडला.

मुकादम तीन ढांगांत टेबलाशी आला. त्यानं डाव्या हातानं तिच्या मनगटाला पकडलं तेव्हा तिच्या बोटांतलं रक्त थांबलं. घण त्याच्या खांद्यावर गेला. तिनं डोळे मिटले नाहीत. तिला त्याच्या नाकाची थरथर दिसत होती, नखांतली काळी दारू दिसत होती. आणि त्याचे डोळे तिच्यावर नव्हते. ते तिच्या मागं पडद्यावर, त्या घाणेरड्या, रेताड पानावर होते.

घण खाली आला आणि फाडकन तिच्या हाताशेजारी टेबलात घुसला. फळी दुभंगली. मग त्यानं तिला उलट्या हाताची एकच अशी ठेवून दिली, की तिचा दात ओठातून बाहेर आला आणि ती भावाच्या अंगावर जाऊन पडली.

“हा हात फोडता येत नाही मला,” तो म्हणाला. तो आता रडत होता आणि रडताना दात खात होता. “उद्या त्या कड्यावर माझी बाकीची माणसं आहेत. या वहीत किती पानं आहेत?”

ती तोंडातलं रक्त थुंकत उठली. “बरीच.”

“आणि किती पानांच्या शिवणीवर हात मारलास?”

 ती म्हणाली, सगळ्या.

मुकादमानं पडलेली खुर्ची उचलली, सरळ केली आणि तिच्यासमोर ठेवली. स्वतः दाराला पाठ लावून खाली बसला, मेलेल्या भावाच्या अंगावरची ती वही मांडीवर घेऊन.

“बस,” तो म्हणाला. “सावलीसकट दे.”

तिच्या भावाला खालच्या दुकानदारानं दवाखान्यात नेलं. इस्त्रीवालीनं तोंडाला फडक्याचा बोळा लावला, खुर्चीत बसली आणि डिस्कवरचं पहिलं पान उघडलं. शिवणीजवळ गडद काळोख होता. ती वाकली आणि आत बघू लागली.